दागिन्यांचा डबा – ९ : नथ तेवढी भाड्याने नको

घडणावळीचं गणित या आठवड्यात मांडतो म्हणालो होतो, पण ते पुढे ढकलतोय. कारण सांगलीच्या एका वाचक ताईंचं पत्र. मुलीच्या लग्नात ठुशी, चिंचपेटी, बाजूबंद, कंबरपट्टा सगळं भाड्याने ठरलंय. नथही त्याच दुकानातून घ्यायची आहे. ‘प्रेसची आहे, नाक टोचायला नको, आणि प्रत्येक वेळी स्पिरिटने पुसतो असं दुकानदार म्हणतात. मग हरकत काय?’

हरकत आहे ताई, आणि ती प्रेसच्या नथीला जास्त आहे.

नियमित वाचकांना ठाऊक आहे, माझी धाकटी बहीण गेली पंधरा वर्षं लग्नाचे दागिने भाड्याने देते आणि तिचे हिशेब मी लिहितो. तेव्हा हे काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतोय. टोचलेल्या नाकातल्या नथीची तार बारीक असते. प्रेसच्या नथीचा चाप मात्र नाकपुडीच्या आत, ओल्या अस्तराला टेकून, लग्नाचे सहा-सात तास दाबून बसतो. वरून सर्दी असली, होमाचा धूर डोळ्या-नाकात गेला, की काय होतं ते सांगायला नको. पुवाळणाऱ्या जखमांमागे बहुतेक वेळा असणारा स्टॅफिलोकोकस जंतू साधारण दहातल्या तिघांच्या नाकाच्या पुढच्या भागात एरवीही मुक्कामाला असतो. त्यांना त्याचा त्रास नसतो. तो होतो पुढच्या नवरीला, चापाने कातडी थोडी सोलली तर.

आता स्पिरिट. धातूच्या साध्या गुळगुळीत पट्टीवर ते ओलं राहून आपोआप वाळू दिलं, तर काम करतं. पण नथ म्हणजे काही पट्टी नव्हे. तारेचे पीळ, मोत्यांमधल्या फटी, मधल्या लाल खड्याचं कोंदण, या सगळ्यात मेकअप आणि घाम साचलेला असतो. तो आधी निघाल्याशिवाय वरून फिरवलेल्या बोळ्याला फारसा अर्थ नाही. शिवाय नकली मोत्यांच्या वरचा चमकदार थर स्पिरिटने उतरतो आणि खरा मोतीही निस्तेज होतो. त्यामुळे कोणताही शहाणा दुकानदार मोत्यांना बोळा लागू देत नाही. म्हणजे पुसली जाते ती नथीची सोपी बाजू.

कानातल्यांच्या दांड्यांचंही हेच. नुकतं टोचलेलं किंवा वर्षानुवर्षं न वापरलेलं छिद्र असेल तर दांडी घालताना रक्ताचा टिपूस येतो, आणि हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवसही टिकतो. लग्नसराईत एकच जोड आठवड्यात तीन कानांत जातो. म्हणून बहिणीच्या दुकानात तिने नियमच करून टाकला आहे. जे अंगावर रुळतं ते भाड्याने, जे छिद्रातून जातं किंवा नाकात बसतं ते विकतच. पैशाचं म्हणाल तर नथीचं भाडं दीडशे, अनामत पाचशे, आणि तशीच नवी, चांगल्या पॉलिशची नथ चारशेला. अनामत वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त असेल, तर ती वस्तू सरळ विकत घ्यावी. भारी झुमके भाड्याने घ्यायचेच असतील तर दांडीऐवजी वेलाने केसांत अडकणारे आणि पाळीला नुसते चापाने धरणारे मागा.

ठुशीचं वेगळं. तिचे मणी पुसता येतात, पण मागचा रेशमी गोंडा पुसता येत नाही. मानेमागचा घाम, अत्तर, हेअरस्प्रे सगळं तो पितो. ठुशी हातात आली की आधी गोंडा नाकाशी न्या. आंबूस वास, काळवंडलेले धागे, कडक झालेली गाठ यांतलं काही दिसलं तर पटवेकऱ्याकडून नवा गोंडा लावून द्यायला सांगा. काम किरकोळ आहे, आठ दिवस आधी सांगितलं तर कुणी नाही म्हणू नये.

मानेला खाज सुटण्याचा दोष मात्र दर वेळी अस्वच्छतेवर ढकलू नका. पुष्कळदा तो पॉलिशखालच्या निकेलचा असतो. ‘एक ग्रॅम’ म्हणवणाऱ्या दागिन्यात एक ग्रॅम सोनं असतंच असं नाही, आणि भाड्याच्या दागिन्याचं पॉलिश आतल्या बाजूने आधी झिजतं, कारण तीच बाजू कातडीवर घासते. दागिना उलटा करून उजेडात धरा. पिवळ्या रंगात पांढुरके किंवा तांबूस डाग दिसले तर तो दागिना परत. निकेलची पुरळ लगेच न उठता दिवस-दोन दिवसांनी उठते. हळदीला घातलेला चोकर लग्नाच्या सकाळी लाल पट्टा देतो, आणि सगळे बिचाऱ्या हळदीला नावं ठेवतात. जिला घड्याळाच्या पट्ट्याने किंवा जीन्सच्या बटणाने खाज येते, तिने चोकरच्या आतून डॉक्टरी कागदी चिकटपट्टी लावावी. घामाने ती भिजेपर्यंत काही तास निभतं.

ताईंनी शेवटी अनामतीचंही विचारलंय. त्यासाठी एका मित्राच्या मुलीची गोष्ट. रिसेप्शनसाठी दुसऱ्या गावच्या दुकानातून कुंदनचा संच आणला होता. किंमत चौदा हजार, तीन दिवसांचं भाडं अठ्ठावीसशे, अनामत आठ हजार. परत देताना दुकानदाराने दोन लोलक कमी आणि एक खडा काळा दाखवला आणि अठराशे कापले, प्रत्येकी सहाशे. मित्र फोटो घेऊन माझ्याकडे आला. मुलीच्या अंगावरच्या फोटोंचा उपयोग शून्य, कारण अर्धा हार पदराखाली. पण फोटोग्राफरने हॉलवर पोचल्यावर ताटात मांडलेल्या दागिन्यांचा फोटो काढला होता. त्यात चोवीस लोलक पूर्ण होते, म्हणजे ते रिसेप्शनच्या गर्दीतच पडले होते. बाराशे गेले. खडा मात्र त्याच फोटोत काळा होता. तसल्या खड्याच्या पाठीमागे चमकीची पातळ पन्नी असते. तिच्यात ओल शिरून खडा असा करडा-काळा पडायला दिवस लागतात, आदल्या संध्याकाळी नेलेल्या संचात तो रात्रीतून पडत नाही. दुकानदाराने थोडी कुरकुर केली आणि सहाशे परत दिले.

तेव्हा मोजणी काउंटरवर, दुकानदारासमोर करा. मी एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याची शक्कल लढवली होती. नेताना आणि आणताना वजन सारखं की झालं. फसली. छोटा मोती ग्रॅमच्या पाचव्या हिश्श्याइतकाही भरत नाही, काट्याला पत्ताच लागत नाही. म्हणून लोलक, मोत्यांचे सर, खडे मोजा आणि आकडे पावतीवर लिहून घ्या. दागिना कानाशी धरून हलवा; कुलकुल आवाज आला तर खडा सुटत आलाय. फोटो दोन, पुढून आणि मागून. कंबरपट्ट्याच्या कडांवरून जुनी तलम ओढणी एकदा फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे उद्या पैठणीची जर अडकणार आहे, आणि त्या नुकसानीची भरपाई कुठल्याच अनामतीत लिहिलेली नसते.

सांगलीच्या ताईंना मी वेगळं कळवलं आहे. नथ विकतच घ्या, आणि खरेदीला मुलीला सोबत न्या. नाकपुडीची जाडी प्रत्येकीची वेगळी. चाप दुकानातच पंधरा मिनिटं लावून बसायचं, नाक पांढरं पडलं तर तो थोडा सैल करून घ्यायचा.