ऑप्शनची किंमत खरी की नुसती खरी वाटणारी?

ऑप्शनची किंमत काढणारं फंक्शन दहा-बारा ओळींत लिहून होतं. फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेलं सूत्र घ्यायचं, त्यात शेअरचा आजचा भाव, स्ट्राइक म्हणजे ठरलेला भाव, व्याजदर, भावातला चढउतार आणि मुदत या पाच गोष्टी घालायच्या, की किंमत हाती येते. धोका असा की, या ओळींत चूक झाली तरी प्रोग्राम बंद पडत नाही. तो एक आकडा देतोच आणि तो आकडा दिसायलाही ठीकठाक असतो. म्हणून अशा फंक्शनला टेस्ट लागतात, आणि त्याही दोन वेगळ्या जातींच्या.

पहिली जात माहीत असलेल्या उत्तराची. जॉन हल यांच्या डेरिव्हेटिव्ह्जवरच्या पाठ्यपुस्तकात एक उदाहरण आहे : शेअरचा भाव ४२, स्ट्राइक ४०, व्याज वर्षाला १० टक्के, चढउतार २० टक्के, मुदत सहा महिने. कॉलची, म्हणजे ४०ला शेअर विकत घेण्याच्या हक्काची किंमत ४.७६ येते. पुटची, म्हणजे ४०ला विकण्याच्या हक्काची, ०.८१. टेस्ट अशी :

```python
def test_known():
    c = call(S=42, K=40, r=0.10, sigma=0.20, T=0.5)
    assert c == pytest.approx(4.76, abs=0.005)
```

पुस्तकातला आकडा दोनच दशांश स्थळांचा, म्हणून ०.००५ची सूट. तंतोतंत बरोबरी मागितली, तर बरोबर फंक्शनही नापास होईल.

उदाहरण निवडताना मात्र सावध राहावं लागतं. भाव १००, स्ट्राइक १००, मुदत एक वर्ष हे अनेकांचं आवडतं. ५ टक्के व्याज आणि २० टक्के चढउतार धरला, तर कॉल १०.४५ येतो. आता समजा, सूत्रात चढउताराला मुदतीच्या वर्गमुळाने गुणायचं होतं आणि लिहिणाऱ्याने नुसत्या मुदतीने गुणलं. एकाचं वर्गमूळ एकच, त्यामुळे इथे उत्तर १०.४५च येतं आणि चूक लपून राहते. हल यांच्या उदाहरणात मुदत अर्धं वर्ष आहे. तिथे हेच फंक्शन ४.७६ऐवजी ४.२९ सांगतं आणि पकडलं जातं.

दुसरी जात पुट-कॉल पॅरिटीची. समजा, आपण ४०चा कॉल घेतला आणि त्याच मुदतीचा ४०चा पुट विकला. मुदत संपताना भाव ४०च्या वर असेल, तर आपण कॉल वापरून ४०ला शेअर घेऊ. खाली असेल, तर पुट घेणारा आपल्याला तो ४०ला विकेल. भाव कुठेही जावो, शेअर आपल्याला ४०लाच पडतो. म्हणून कॉल वजा पुट म्हणजे आजचा भाव वजा त्या ४०चं आजचं मोल :

```python
assert c - p == pytest.approx(S - K*exp(-r*T), abs=1e-9)
```

सहा महिन्यांनी द्यायच्या ४०चं आजचं मोल ३८.०५. त्यामुळे फरक ३.९५ यायला हवा, आणि ४.७६ वजा ०.८१ म्हणजे ३.९५च. या टेस्टला कोणत्याही पुस्तकातलं उत्तर लागत नाही. भाव, स्ट्राइक, मुदत बदलत हजारो वेळा ती चालवता येते. पुटमध्ये ४०चं आजचं मोल काढायचं राहून गेलं, तर पुट १.३३ येतो, फरक ३.४३वर घसरतो आणि टेस्ट नापास होते.

पण वर्गमुळाची चूक पॅरिटीला दिसतच नाही. त्या चुकलेल्या फंक्शनचा कॉल ४.२९, पुट ०.३४, फरक पुन्हा ३.९५! दोन्ही किमती चुकीच्या असूनही टेस्ट पास. कारण पॅरिटीच्या समीकरणात चढउतार कुठेच नाही. कॉल आणि पुट दोघांनी तीच चूक सारखी केली, की ती वजाबाकीत निघून जाते. पुट स्वतंत्र न काढता कॉलवरून पॅरिटीनेच काढला असेल, तर टेस्ट नेहमीच पास होईल आणि तिच्यातून काहीच कळणार नाही.

आणखी एक मर्यादा. ही बरोबरी युरोपियन, म्हणजे मुदत संपतानाच वापरता येणाऱ्या ऑप्शनपुरती खरी आहे. एनएसईवरचे निफ्टीचे ऑप्शन असेच आहेत. मुदतीआधी वापरता येणाऱ्या अमेरिकन ऑप्शनवर ही टेस्ट लावली, तर बरोबर फंक्शनही नापास ठरू शकतं. मधल्या काळात लाभांश मिळणार असेल, तर त्याचं आजचं मोल आधी शेअरच्या भावातून वजा करावं लागतं.

म्हणून दोन्ही टेस्ट ठेवाव्यात, आणि माहीत उत्तराच्या उदाहरणांपैकी निदान एकात मुदत एक वर्षाची नसावी, स्ट्राइकही भावाइतकी नसावी. पॅरिटी पास झाली एवढ्यावर किंमत बरोबर आहे असं समजू नये.