झेंडूची माळ: फुटाला फुलं किती?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फूलबाजारात किंवा पुण्याच्या मार्केट यार्डात झेंडू किलोने घ्यायचा असतो आणि घरी आल्यावर दार फुटांनी मोजायचं असतं. मधला दुवा एकच: एक फूट माळेत किती फुलं बसतात. हा आकडा कुणाला विचारून घेऊ नये. तो फुलाच्या जातीवर, आकारावर आणि त्याहूनही जास्त आपल्या ओवण्यावर ठरतो.

झेंडू दोन तऱ्हांनी ओवतात. पहिल्या तऱ्हेत दाभण देठाकडून घालून फुलाच्या मधोमध, पाकळ्यांतून बाहेर काढतात. फुलं एकमेकांच्या पाठीला टेकतात आणि माळ सगळीकडून गोल, भरगच्च दिसते. यात दोऱ्यावर फुलाची जाडी मोजली जाते, रुंदी नाही. दुसऱ्या तऱ्हेत सुई पाकळ्यांच्या खालच्या हिरव्या वाटीतून आडवी घालतात. फुलं शेजारी-शेजारी बसतात आणि फूटभर दोऱ्यावर फुलाची रुंदी मोजली जाते. मध्यम झेंडू दोन इंच रुंद असेल, तर आडव्या ओवणीत फुटाला सहा फुलं पुरतात. तेच फूल उभं ओवून हलकं दाबलं, तर सव्वा-दीड इंच जागा घेतं आणि फुटाला आठ-नऊ फुलं लागतात. म्हणजे ओवण्याची तऱ्हा बदलली की फुलांचा हिशोब दीडपट होतो. ‘गेल्या वर्षी दोन किलो पुरली होती’ हा अंदाज इथेच कोसळतो.

म्हणून आधी नमुना करावा. पट्टीशेजारी दोरा धरून, माळ जितकी दाट हवी तितक्या दाटपणे एक फूट ओवायची आणि फुलं मोजायची. केशरी आणि पिवळा झेंडू बऱ्याचदा वेगवेगळ्या आकाराचा येतो. दोन्ही रंग वापरणार असाल तर फुटातही दोन्ही घ्या. आपल्या हिशोबासाठी उभ्या ओवणीची फुटाला नऊ फुलं धरू.

आता दार. मोजायची ती चौकट, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. नेहमीचं दार असलं तर ही रुंदी साधारण साडेतीन फूट भरते. वरची आडवी माळ साडेतीन फुटांची. तिच्यापासून दर सहा इंचांवर एक सर लोंबता सोडायचा, तर सर किती? साडेतीन फुटांत सहा इंचांची सात अंतरं होतात, पण सर लागतात आठ, कारण दोन्ही टोकांना एकेक सर असतो. हा एक सर विसरला की नेमका शेवटच्या टोकाला रिकामा राहतो. कडेचे दोन सर तीन-तीन फुटांचे आणि मधले सहा पाऊण फुटाचे ठेवले, तर सहा आणि साडेचार मिळून साडेदहा फूट. आडवी माळ धरून एकूण १४ फूट, म्हणजे १२६ फुलं. मधले सर यापेक्षा लांब करू नयेत, येणाऱ्याच्या डोक्याला लागतात. आंब्याची पानं दुमडून मध्येच टाचली तरी ती दोऱ्यावर फारशी जागा खात नाहीत, तेव्हा पानांसाठी फुलं वजा करू नका.

स्टेजच्या कडेला मात्र आणखी एक गोष्ट हिशोबात येते, ती म्हणजे झोल. गणेशोत्सवाच्या मंडपातलं २४ फूट रुंद स्टेज घेऊ. समोरच्या कडेला वर एक सरळ माळ, तिच्याखाली तीन-तीन फुटांच्या आठ कमानी आणि प्रत्येक खिळ्याला दीड फुटाचा लोंबता सर, अशी सजावट ठरली. कमानीची माळ तीन फुटांच्या अंतरात लटकते, पण ती तीन फुटांची नसते. अंतराच्या पाव हिश्शाएवढा, म्हणजे नऊ इंच झोल दिला, तर लांबी साधारण सातव्या हिश्शाने वाढते. झोल एक तृतीयांश, म्हणजे फूटभर दिला, तर वाढ जवळपास पाव हिश्शाची होते. आपल्या नऊ इंचांच्या झोलाला तीन फुटांवर पाच इंच जास्त लागतात. गाठीजवळचा इंचभर धरून एक कमान साडेतीन फुटांची झाली. हे गणित नको असेल तर दोन खिळ्यांमध्ये सुतळी हव्या त्या झोलाने सोडावी, खुणा कराव्यात आणि ती काढून मोजावी. मला सुतळीच जास्त भरवशाची वाटते, कारण ‘थोडा झोल’ म्हणजे किती, यावर मंडपात कुणाचं एकमत होत नाही आणि सुतळी समोर दिसते.

बेरीज करू. सरळ माळ २४ फूट. आठ कमानी साडेतीन फुटांच्या, म्हणजे २८ फूट. अंतरं आठ, म्हणून खिळे नऊ आणि सरही नऊ, त्यांचे साडेतेरा फूट. एकूण साडेपासष्ट फूट. फुटाला नऊ या हिशोबाने ५९० फुलं. फुटकी, किडकी आणि ओवताना वाटीत चिरणारी फुलं जमेस धरून दहावा हिस्सा वाढवला की ६५० होतात.

याचे किलो करायचे तर पाव किलो फुलं तोलून घेऊन मोजायची. ३३ भरली, तर किलोला १३२, आणि ६५० फुलांना पाच किलो. फुलं मात्र कोरडी तोलून घ्यावीत. पाणी मारलेल्या किंवा पावसात भिजलेल्या झेंडूच्या पाकळ्यांत पाणी साठतं आणि किलोत फुलं कमी येतात. शिवाय ओला झेंडू ढिगात आतून सडतो. वरून टवटवीत दिसलं तरी वाटी दोन बोटांत दाबून पाहावी. ती मऊ, काळपट लागली किंवा हलक्या ओढीने पाकळ्यांचा झुबका हातात आला, तर ते फूल सुई सहन करणार नाही.

माळ आदल्या रात्री ओवली तर सकाळपर्यंत फुलं थोडी आकसतात. रात्री भरगच्च वाटलेल्या माळेत दोरा दिसू लागतो आणि लोंबत्या सरात फुलं खाली सरकून वरचं टोक उघडं पडतं. त्यामुळे शिळ्या माळेसाठी फुटाला नऊऐवजी दहा फुलं दाबून बसवावीत आणि प्रत्येक सराच्या तळाच्या फुलाखाली जाड गाठ मारावी. दोरा सुती आणि दुहेरी घ्यावा. बारीक नायलॉनचा दोरा वजनाने वाटी चिरत जातो. वजन कमी नसतं: नऊ फुलांच्या एका फुटाचं सुमारे सत्तर ग्रॅम, म्हणजे २४ फुटांची माळ दीड किलोच्या पुढे जाते. म्हणून ती अखंड न करता कमानीगणिक तुकडे करावेत आणि प्रत्येक टोकाला वीतभर दोरा मोकळा सोडावा. दोन माळांना पीळ घालायचा असेल तर लांबी पिळात कमी होते, त्यामुळे पीळ घातलेला नमुन्याचा फूटच मोजावा.

एवढं करूनही फुलं कमी पडली, तर माळ विरळ करू नये. फुटाला नऊची सहा झाली की लांबूनही दोरा दिसतो. त्यापेक्षा लोंबते सर दीड फुटाऐवजी एक फुटाचे करावेत. नऊ सरांत साडेचार फूट, म्हणजे चाळीस फुलं वाचतात आणि कमानी होत्या तशाच भरगच्च राहतात.