सांत्वनाचा व्हॉइस मेसेज

मृत्यूची बातमी कळल्यावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाइप करण्याऐवजी चार शब्द बोलून पाठवणे आता अनेकांच्या सवयीचे झाले आहे. व्हॉट्सॲपवर आवाज पाठवण्याची सोय २०१३ मध्ये आली. फोन लगेच उचलावा लागतो, लिहिलेला मजकूर एका नजरेत वाचून होतो. व्हॉइस मेसेज केव्हा ऐकायचा ते ऐकणारा ठरवतो, पण किती वेळ ऐकायचा ते पाठवणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. शिवाय पडद्यावर दिसते ती फक्त त्याची लांबी. आत काय आहे हे ऐकल्याखेरीज कळत नाही. दुःखातल्या माणसाला आधार किंवा जाच होतो तो इथेच.

समजा, साताऱ्यात एकीची आई गेली आणि तिची बालमैत्रीण न्यू जर्सीत आहे. उन्हाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळांत साडेनऊ तासांचे अंतर असते. तिकडे रात्रीचे नऊ, तेव्हा साताऱ्यात सकाळचे साडेसहा. अशा वेळी फोन करणे अवघड. मैत्रीण आधी एक ओळ टाइप करते, ‘आवाजात पाठवलंय, काही काम नाही, सवडीने ऐक,’ आणि मग चाळीस सेकंद बोलते: “अगं, मी बोलतेय. शाळेतून आल्यावर काकू मलाही ताटावर बसवायच्या, तेच सारखं आठवतंय. उत्तर देत बसू नकोस.” एवढेच. आवाज ओळखीचा, आठवण गेलेल्या माणसाची आणि मागणी कसलीच नाही. दहावा उरकल्यावर, घर निजल्यावर ती हे ऐकू शकते, पुन्हाही ऐकू शकते.

त्याच दिवशी एका जुन्या सहकाऱ्याचा तीन मिनिटांचा मेसेज येतो. त्यात हुंदके आहेत, स्वतःच्या वडिलांच्या आजारपणाची हकीकत आहे आणि शेवटी प्रश्न: “नेमकं झालं काय? कोणत्या हॉस्पिटलमध्ये होत्या?” एखादा निरोप असेल म्हणून तो शेवटपर्यंत ऐकावाच लागतो. पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत तो स्पीकरवर वाजला, तर सगळ्यांच्या माना वळतात. ऐकला की पलीकडे माइकचे चिन्ह बहुधा निळे होते आणि उत्तराचे ओझे वाढते. धीर देण्याचे काम उलट जिच्या घरी मृत्यू झाला तिच्यावरच येते. सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या ग्रुपवर असा मेसेज टाकणे तर अगदीच गैर. तिथे दुःखापेक्षा बोलणाऱ्याकडेच लक्ष जाते.

वयस्कर मावशी-आत्यांची गोष्ट वेगळी. बारीक अक्षरे वाचणे-लिहिणे ज्यांना जमत नाही, त्यांना आवाजच सोयीचा. त्यांचा मेसेज थोडा लांबला तरी घरच्यांना तो खटकत नाही.

पाठवण्याआधी रेकॉर्डिंग स्वतः एकदा ऐकावे. त्यात प्रश्न असेल, तर पुसून पुन्हा बोलावे. आवाजावरून ओळख पटण्याइतकी जवळीक नसेल, तर दोन ओळी टाइप कराव्यात आणि जमल्यास तेराव्यानंतर, पाहुणे परतल्यावर, भेटायला जावे.