कापड वेगळं, वाट एकच

सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने पुष्कळ आहेत. मी ज्या कारखान्याचे हिशेब बघत होतो, तिथे मार्चपासूनच जूनची घाई सुरू झालेली असते. त्या हंगामात त्यांनी एका पुण्याच्या दुकानदाराचं लिननच्या शर्टांचंही काम धरलं होतं. एकाच छताखाली शंभर रुपये मीटरचं पॉलिकॉटन आणि चारशे रुपये मीटरचं लिनन. कापडाच्या ताग्यांकडे बघितलं तर दोन वेगळे धंदे वाटावेत. कापड टेबलावर अंथरलं की मात्र दोघांचा प्रवास एकच: कटिंग, शिलाई, काज-बटण आणि फिनिशिंग, म्हणजे धागे काढणं, इस्त्री, घडी आणि पॅकिंग. कॉलरला बकरम चिकटवायचं मशीनही तेच, काजाचं मशीनही तेच.

शर्टाची किंमत काढायला मालकांचा एक जुना हिशेब होता. महिन्याची मजुरी, वीज, भाडं, सुपरवायझरचा पगार सगळं एकत्र करायचं, महिन्यात लागलेल्या मालाच्या किमतीशी त्याचं प्रमाण काढायचं आणि तेवढे टक्के प्रत्येक शर्टाच्या मालावर चढवायचे. सोपं आणि पटकन होणारं. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल करून सांगतो.

महिन्याला सहा हजार शर्ट. त्यातले पाच हजार शाळेचे, प्रत्येकाला कापड, बटण, धागा, पिशवी धरून १७० रुपयांचा माल. उरलेले एक हजार लिननचे, प्रत्येकी ७०० रुपयांचा माल. एकूण माल झाला १५ लाख ५० हजारांचा. कारखाना चालवायचा खर्च ६ लाख ६० हजार, म्हणजे मालाच्या सुमारे साडेबेचाळीस टक्के. या हिशेबाने शाळेच्या शर्टावर ७२ रुपये चढले आणि तो २४२ला पडला. लिननच्या शर्टावर २९८ चढले आणि तो ९९८ला पडला.

एका शाळेने २६५ रुपये भाव दिला, तो मालकांनी हसत घेतला. दुकानदार लिननला ९५० म्हणत होता, मालक म्हणाले, "घरचे घालून कोण देणार, साहेब?" आणि ते काम जवळजवळ सोडून दिलं.

मी शिलाईच्या लाइनवर जाऊन उभा राहिलो. बाही जोडणाऱ्या बाईंपुढे आधी पांढऱ्या गणवेशांचं बंडल आलं, मग लिननचं. हाताचा वेग जवळपास तोच. मशीनला कापड किती रुपयांचं आहे ते ठाऊक नसतं, आणि बाईंना पीसमागे मिळणारा दरही तोच. मग महाग कापडावर शिलाईचा खर्च चौपट का चढायचा?

म्हणून खर्च मालापासून वेगळा काढला आणि प्रत्येक कामाचा स्वतंत्र दर बांधला. कटिंग खात्याचा महिन्याचा खर्च ८४ हजार, भागिले सहा हजार शर्ट, म्हणजे शर्टामागे १४ रुपये. शिलाई ६८, काज-बटण ८, फिनिशिंग २०. सगळे मिळून ११०. माल ज्या बॅचचा त्याच बॅचच्या जॉब कार्डावर लिहायचा. ११० रुपये मात्र प्रत्येक शर्टाला सारखेच, कारण वाट सारखी. आता शाळेचा शर्ट १७० अधिक ११०, म्हणजे २८० रुपये. लिननचा ८१०. ज्या कामात २३ रुपये सुटतात असं वाटत होतं त्यात शर्टामागे १५ रुपये जात होते, आणि जे काम सोडणार होते त्यात १४० होते.

मालकांनी कागद दोनदा बघितला. कटिंग मास्टर मागून आमचं बोलणं ऐकत होते. ते म्हणाले, "बाकीचं तुम्ही म्हणता ते बरोबर, पण कटिंगचे चौदा रुपये मला पटत नाहीत सर. चौकडीचं लिनन एकदा बघा."

त्यांनी दाखवलं. साधं पॉलिकॉटन पसरवताना दोन पोरं तागा घेऊन टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात आणि शंभराच्या आसपास थर चढवतात. वर मार्कर ठेवला, मशीन फिरवलं, की शेकडो पीस एकदम निघतात. चौकडीच्या लिननला तसं जमत नाही. कापड सरकतं, रेषा वाकड्या होतात, म्हणून थर थोडेच घ्यायचे आणि प्रत्येक थर खालच्या चौकडीवर पिना लावून बसवायचा. त्यात या ऑर्डरी लहान, म्हणून दर वेळी साइजचा नवा मार्कर. खिसा आणि पुढचा भाग जुळण्यासाठी कापडही जरा जास्त लागतं. ते मालाच्या खर्चात आपोआप येतं, वेळ मात्र येत नाही.

आम्ही कटिंगच्या वहीतली तारीखवार नोंद काढली. महिन्याच्या पंचवीस दिवसांतले साडेबारा दिवस शाळेच्या पाच हजार शर्टांना लागले होते आणि तेवढेच दिवस एक हजार लिननला. म्हणजे ८४ हजारांचे दोन सारखे भाग. शाळेच्या शर्टाचं खरं कटिंग ८ रुपये ४० पैसे, लिननचं ४२. वाट तीच, पण त्यातला एक टप्पा एकाला दुसऱ्याच्या पाचपट लांब.

या पद्धतीची मर्यादा इथेच आहे. प्रत्येक पीस त्या टप्प्यावर सारखंच काम घेतो, असं तिनं गृहीत धरलेलं असतं. ते जिथे खरं नाही तिथे पीसवर दर लावून चालत नाही. मग कटिंगपुरता आम्ही दर दिवसाचा केला, ३,३६० रुपये, आणि तो बॅचने घेतलेल्या वेळाप्रमाणे लावला. शिलाई, काज आणि फिनिशिंगचे दर पीसवरच ठेवले. तिथे मोजून पाहिलं तेव्हा फरक किरकोळ निघाला. चौकडी जुळवण्यासाठी खिसेवाल्याला जो जादा दर द्यावा लागतो तो थेट त्या बॅचवर टाकला. शाळेचा शर्ट आता २७४ रुपये ४० पैशांना आला, लिननचा तो जादा दर सोडून ८३८ला. शाळेचा तोटा कमी झाला, पण मिटला नाही. लिननचा फायदाही ११२वर आला.

महिनाअखेरीला दुसरी अडचण येते. अर्धवट बॅचेस टेबलावर पडलेल्या असतात आणि त्यांची किंमत धरावी लागते. त्या वेळी लिननची शंभराची एक बॅच कापून झाली होती, शिलाई अर्धी झाली होती. कापड पूर्ण गेलेलं: ६४० रुपये. बकरम आणि धागाही दिलेला: २५. बटणं, लेबल आणि पिशवी अजून स्टोअरमध्येच, म्हणून त्यांचे ३५ धरायचे नाहीत. कटिंगचे ४२ पूर्ण, शिलाईच्या ६८ पैकी ३४. शर्टामागे ७४१ रुपये, बॅचचे ७४,१००. आधीचे अकाउंटंट अर्धी बॅच म्हणून पूर्ण किमतीचे अर्धे धरायचे. तसं केलं असतं तर सगळं कापड टेबलावर दिसत असताना कागदावर त्याचं निम्मंच उरलं असतं, आणि उरलेलं त्या महिन्याच्या विकलेल्या शर्टांच्या डोक्यावर गेलं असतं.

यात गडबड झाली तर ती जॉब कार्डावर दिसते. बंडल काजावर पोचलेलं असतं आणि कार्डावर मात्र शिलाईची सही नसते. सुपरवायझर संध्याकाळी सगळी कार्डं एकदम भरतो तेव्हा असं हमखास होतं. मग मी दर शनिवारी दोनचार बंडलं उचलून कार्डाशी ताडून बघायला लागलो. शाळेच्या त्या ऑर्डरचं पुढच्या वर्षीचं कोटेशन मालकांनी २९० रुपयांचं पाठवलं.