'येते गं आजी' इंग्रजीत कसं लिहायचं?

माझी भाची गेल्या सप्टेंबरात शिकायला म्युनिकला गेली. निघताना साताऱ्याच्या घरी उंबऱ्यापाशी आजीनं, म्हणजे माझ्या आईनं, तिच्या हातावर दही घातलं आणि तेवढ्यात कोणीतरी फोटो काढला. ओंजळ, चमचा, आजीचा सुरकुतलेला हात, मागे भरलेली बॅग. विमानतळावर बसून भाचीनं त्या फोटोखाली मजकूर लिहिला: 'आजीनं हातावर दही घातलं. सवयीनं "जाते" म्हणाले, तर रागावली. येते गं आजी.'

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दहा मिनिटांत सगळ्या मावश्या, माम्या रडवेल्या झाल्या. मग तिनं बाहेरच्या मैत्रिणींसाठी तोच मजकूर ओळीला ओळ लावून इंग्रजीत केला आणि इन्स्टाग्रामवर टाकला. शेवटची ओळ झाली, 'आय ॲम कमिंग, ग्रँडमा.' रात्री एका मैत्रिणीचा निरोप आला: तुझी आजी खूप आजारी आहे का? निघाली आहेस का तिच्याकडे?

व्याकरणाची एकही चूक नव्हती, तरी अर्थ बरोबर उलटा पोहोचला. का, हे त्या एका 'येते'मध्ये दडलेलं आहे. आपण घर सोडताना 'जाते' म्हणत नाही, कारण जाणं हा शब्द माणूस कायमचा गेला की वापरतो. म्हणून दारात 'येते' म्हणायचं. त्या एका क्रियापदात निघणंही असतं आणि परत येण्याचा शब्दही असतो. इंग्रजीतल्या 'कमिंग'मध्ये फक्त ऐकणाऱ्याच्या दिशेनं चालत येणं आहे. त्यामुळे मैत्रिणीनं जे वाचलं ते अगदी बरोबर वाचलं.

भाचीनं मला फोन केला आणि आम्ही दोघी तो मजकूर पुन्हा लिहायला बसलो. पहिला प्रश्न मी तिला विचारला तो असा: नातेवाइकांना काय सांगावं लागलं नाही? दही का घालतात, हे नाही. 'जाते' का म्हणू नये, हेही नाही. घरच्यांना ते सांगितलं असतं तर त्यांना आपल्याच घराची ओळख करून दिल्यासारखं वाटलं असतं. मराठी मजकूर तीन छोट्या वाक्यांत संपला, कारण उरलेलं सगळं वाचणाऱ्यांच्या मनात आधीच होतं. इंग्रजी वाचणाऱ्यांच्या मनात ते नाही, म्हणून तिथे एक वाक्य जास्त लागणारच. मात्र ते एकच असावं. दही शुभ का, प्रवासाला आणि परीक्षेला जाताना ते का देतात, अशी माहिती सुरू झाली की आजी मागे पडते आणि प्रथा पुढे येते.

दुसरा प्रश्न त्या 'गं'चा होता. एवढ्याशा अक्षरात लाड, जवळीक, दोन बायकांमधला सलगीचा सूर, सगळं आहे. इंग्रजीत त्याला जागाच नाही. अशा वेळी हात विशेषणांकडे जातो: लाडकी आजी, प्रेमळ आजी, माझं सर्वस्व. भाचीनंही शेवटी 'लव्ह यू सो मच' लिहून पाहिलं. मी तिला विचारलं, हे तू आजीला कधी म्हणाली आहेस का? नाही. आजीला ते ऐकून कसंतरीच झालं असतं. मग जे घडलंच नाही ते इंग्रजीत का घडवायचं? भावना कमी पडते आहे असं वाटलं की मी तरी त्या क्षणाकडेच परत जाते. तिला विचारलं, 'येते' किती वेळा म्हणालीस? ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "दोनदा. एकदा दारात, आणि एकदा रिक्षात बसल्यावर ओरडून."

'गं'ची भरपाई तिथे सापडली. नवा मजकूर असा झाला: 'माय आजी पुट्स अ स्पूनफुल ऑफ योगर्ट इन युवर पाम बिफोर अ जर्नी. ॲट अवर डोअर नोबडी सेज "आय ॲम गोइंग". वी से "आय विल कम बॅक". आय सेड इट ट्वाइस.' दोन मजकूर समोरासमोर धरले तर एकही वाक्य जुळत नाही. आजीचं रागावणं इंग्रजीत नाही, रिक्षातलं ओरडणं मराठीत नाही. तरी दोन्ही वाचून माणूस त्याच उंबऱ्यापाशी येऊन उभा राहतो.

यात 'आजी' हा शब्द आम्ही तसाच ठेवला. 'ग्रँडमा' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांची आजी येते. 'आजी' हे त्यांना नावासारखं वाटतं आणि वाक्यातून नातंही कळतं. पण असा शब्द मजकुरात एखादाच पेलतो. दही, उंबरा, ओंजळ सगळं मराठीतच ठेवलं असतं तर वाचणारी मैत्रीण शब्दच सोडवत बसली असती. नात्यांच्या बाबतीत मात्र जपून राहावं लागतं. आत्या, मावशी, काकू, मामी या चौघी इंग्रजीत एकच 'आँट' होतात. वाढदिवसाच्या फोटोत त्यानं बिघडत नाही. बारशाच्या फोटोत बिघडतं, कारण बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तिथे 'वडिलांची बहीण' असं उलगडून लिहावं, नाहीतर ती पाळण्याशी का वाकली आहे हेच कळत नाही.

उलट दिशेनंही घसरायला होतं. बाहेर राहणारी मुलं आधी इंग्रजीत लिहितात आणि मग त्याचं मराठी करतात. 'आय मिस यू' याचं 'मी तुला मिस करते' होतं. मराठीत आठवण आपण करत बसतो त्यापेक्षा ती आपल्याकडे येते, आणि येते ती कशावरून तरी. 'आज दही विरजताना आठवण आली' असं लिहिलं तर मावशी लगेच फोन उचलेल. आई-वडिलांना 'तुमच्यासारखे पालक मिळाले, मी धन्य आहे' असं लिहिलेलं मी वाचते, तेव्हा मला निरोपसमारंभातलं भाषण ऐकल्यासारखं वाटतं. घरात कोणी असं बोलत नाही.

दोन्ही मजकूर एकाच फोटोखाली टाकायचे असतील तर आणखी एक गोष्ट बघावी. इन्स्टाग्रामवर मजकूर 2,200 अक्षरांपर्यंत लिहिता येतो, पण समोर दिसतात त्या सुरुवातीच्या एक-दोन ओळी. बाकीचं उघडून वाचावं लागतं. मराठी लांबलं तर परदेशातली मैत्रीण इंग्रजीपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून वरचा मजकूर आखूड हवा आणि मध्ये एक ओळ मोकळी. घरचे व्हॉट्सॲपवरच असतील तर मी सरळ दोन ठिकाणी दोन मजकूर टाकायला सांगते.

टाकण्याआधी इंग्रजी मजकूर एकाच मैत्रिणीला पाठवून बघावा. 'किती सुंदर प्रथा!' असं उत्तर आलं तर तिला दही दिसलं, आजी दिसली नाही. मग एक वाक्य माहितीचं काढायचं आणि एक घडलेलं घालायचं.

भाचीनं जुना मजकूर काढून नवा टाकला. ज्या मैत्रिणीनं आजी आजारी आहे का विचारलं होतं, तिनंच पहिलं उत्तर लिहिलं. दह्याबद्दल तिनं काही विचारलं नाही. सुट्टीत घरी कधी जाणार आहेस, एवढंच विचारलं.