वॉटरप्रूफ बूट आतून ओले का होतात?

कुद्रेमुखच्या पावसाळी गवतात बूट आतून ओला झाला की आपण आतल्या वॉटरप्रूफ पडद्याला दोष देतो. बहुतेक वेळा गेलेला असतो तो वरच्या कापडाचा पाणीरोधक थर. बुटावर पाण्याचे थेंब टाका. ते घरंगळले नाहीत आणि कापड गडद झालं, तर थर संपला. असं भिजलेलं कापड घामाची वाफ बाहेर सोडत नाही, आणि तोच घाम आपल्याला गळती वाटतो.

लेस आणि इनसोल काढून बूट कोमट पाण्यात मऊ ब्रशने घासा. कपड्यांची पावडर नको, तिचा अंश पाणी ओढतो. पाण्यावर आधारित स्प्रे ओल्या बुटावरच मारा, शिवणींवर जरा जास्त. दोनेक मिनिटांनी जादा द्रव पुसा आणि बूट पंख्याखाली वाळवा. हीटरजवळ ठेवलात तर सोलचा गोंद सुटतो. पडदाच फाटला असेल तर मात्र स्प्रेचा उपयोग नाही.

गवतातलं पाणी पँटवरून ओघळून घोट्यापाशी आत शिरतं, म्हणून गेटर पँटच्या वर हवा. जळवांसाठी तेवढा पुरत नाही. बूट आणि गेटरमधल्या फटीतून, जिभेच्या कडेने त्या आत सरकतात. विणलेल्या मोज्यातूनही चावतात. त्यासाठी घट्ट विणीच्या सुती कापडाचे, गुडघ्यापर्यंतचे लीच सॉक्स नेहमीच्या मोज्यांवर चढवा, पँट त्यात खोचा आणि गुडघ्याखाली नाडी बांधा. रंग फिका घ्या, जळू चटकन दिसते. मीठ-तंबाखूवर विसंबू नका, ते पावसात धुऊन जातं.