यंत्रनिर्मित प्रश्नसंचाची पडताळणी

एखाद्या उताऱ्यावरून प्रश्न, त्याचे चार पर्याय आणि उत्तरसूची तयार करण्याचे काम पूर्वी विषयशिक्षक करीत असत. एक शिक्षक दिवसाकाठी वीस-पंचवीस चांगले प्रश्न काढी. आता हेच काम संगणकाकडून करून घेण्यात येते. भाषेच्या संगणकीय प्रारूपास हजारो उतारे पुरविले की एका रात्रीत दहा-वीस हजार प्रश्न हाती येतात. हे प्रश्न विद्यार्थ्यांच्या सरावासाठी वापरले जातात. अन्य संगणकीय प्रणालींचे ज्ञान जोखण्यासाठीही त्यांचा उपयोग होतो. त्यांतील काही उत्तरे चुकीची असणार हे उघड आहे. परंतु नेमकी कोणती, हे मात्र वरवर पाहून कळत नाही. माणसाच्या चुकीला बहुधा खाडाखोडीची किंवा अडखळलेल्या वाक्याची साथ असते. यंत्राचा चुकलेला प्रश्न अचूक प्रश्नाइतकाच सफाईदार मराठीत लिहिलेला असतो.

दहा लाखांहून अधिक प्रश्न आणि शंभरांची तपासणी

या संदर्भात एक प्रसिद्ध उदाहरण ध्यानात घेण्याजोगे आहे. २०१५ साली गूगल डीपमाइंड या संस्थेतील संशोधकांनी सीएनएन व डेली मेल या वृत्तसंस्थांच्या बातम्यांवरून एक विशाल प्रश्नसंच तयार केला. प्रत्येक बातमीसोबत संपादकांनी लिहिलेले सारांशाचे मुद्दे होते. संगणकाने त्या मुद्द्यांतील एक नाव गाळले आणि ‘बातमी वाचून गाळलेली जागा भरा’ असा प्रश्न बनविला. कोणाही माणसाने प्रश्न लिहिण्याची गरजच उरली नाही. अशा रीतीने दहा लाखांहून अधिक प्रश्न सिद्ध झाले.

पुढील वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील डान्ची चेन, जेसन बोल्टन व ख्रिस्तोफर मॅनिंग यांनी या संचातील केवळ शंभर प्रश्न घेऊन ते स्वतः बारकाईने वाचले. त्यांपैकी आठ प्रश्नांत यंत्राने नावांची गफलत केलेली आढळली. बातमीतील कोणता उल्लेख कोणत्या व्यक्तीचा, हे ठरविताना यंत्र चुकले होते. आणखी सतरा प्रश्न असे होते की त्यांचे निश्चित उत्तर वाचकालाही देता येऊ नये. म्हणजे शंभरांतील पंचवीस प्रश्न परीक्षेस अयोग्य ठरले. याचा अर्थ, या संचावर एखाद्या प्रणालीस पंचाहत्तरच्या आसपास गुण मिळत असतील तर त्यापुढील वाढ ही आकलनाची वाढ समजणे धोक्याचे होते. दहा लाखांहून अधिक प्रश्नांविषयीचा हा महत्त्वाचा निष्कर्ष शंभर प्रश्नांच्या वाचनातून निघाला.

एक उतारा, तीन प्रश्न

चुका कशा घडतात हे पाहण्यासाठी आपण आपल्या परिचयाचा एक छोटा उतारा घेऊ. ‘पैठणजवळ गोदावरी नदीवर जायकवाडी धरण बांधण्यात आले. दि. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली. दि. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी तत्कालीन पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. धरणाच्या जलाशयास नाथसागर असे म्हणतात.’

आता यावर यंत्राने तीन प्रश्न काढले असे समजू. पहिला प्रश्न: धरणाचे उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले? पर्यायांत ‘ब’ समोर लालबहादूर शास्त्री व ‘क’ समोर इंदिरा गांधी अशी नावे आहेत. स्पष्टीकरणात इंदिरा गांधी असे बरोबर लिहिले आहे. पण उत्तरसूचीत ‘ब’ हे अक्षर आहे. पर्यायांचा क्रम नंतर बदलला आणि अक्षर तसेच राहिले, की असे होते. येथे ज्ञान अचूक असून नोंद चुकलेली आहे.

दुसरा प्रश्न: पायाभरणीपासून उद्घाटनापर्यंत किती वर्षे लोटली? सूचीतील उत्तर ‘अकरा’. यंत्राने १९७६ मधून १९६५ वजा केले. प्रत्यक्षात ऑक्टोबर १९६५ ते फेब्रुवारी १९७६ हा काळ दहा वर्षे चार महिन्यांचा आहे. उताऱ्यातील दोन्ही तारखा बरोबर आहेत, तरी त्यांतून काढलेले उत्तर उताऱ्याशी विसंगत आहे.

तिसरा प्रश्न: हे धरण कोणत्या जिल्ह्यात आहे? सूचीतील उत्तर ‘औरंगाबाद’. उताऱ्यात जिल्ह्याचा उल्लेखच नाही. यंत्राने तो आपल्या पूर्वीच्या साठ्यातून आणला. शिवाय २०२३ पासून या जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर असे आहे. म्हणजे या उत्तरास उताऱ्याचा आधार नाही आणि ते आजच्या स्थितीशीही जुळत नाही.

उत्तर झाकून तपासावे

पडताळणीचा सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, तपासनिसाने उत्तरसूची आधी पाहू नये. ‘ब, शास्त्री’ हे उत्तर समोर ठेवून उतारा वाचणाऱ्याची नजर ‘शास्त्री यांच्या हस्ते’ या शब्दांवर जाते, आणि तो निःशंकपणे बरोबरची खूण करतो. ‘पायाभरणी’ हा शब्द त्याच्या नजरेतून सुटतो. सूची झाकलेली असली तर त्याला उत्तर स्वतः शोधावे लागते. उत्तर लिहिल्यावर त्याने उताऱ्यातील ज्या वाक्यातून ते मिळाले ते वाक्य अधोरेखित करावे, आणि मग सूचीशी ताडून पाहावे. आधाराचे वाक्यच सापडले नाही, तर तीही एक नोंदच होय. वरील तिसरा प्रश्न याच टप्प्यावर अडतो.

प्रत्येक प्रश्न दोन तपासनिसांनी परस्परांशी न बोलता सोडवावा. दोघांचे उत्तर एकच येऊन सूचीचे वेगळे असेल, तर बहुधा सूची चुकलेली असते. दोघांची उत्तरे परस्परांहून भिन्न असतील, तर दोष बहुधा प्रश्नाच्या शब्दरचनेत असतो. अशा वेळी सूची दुरुस्त करून भागत नाही. प्रश्नच पुन्हा लिहावा लागतो किंवा काढून टाकावा लागतो.

माणसांच्या हाती संच देण्यापूर्वी काही चाळण्या संगणकाकडूनच लावून घेता येतात. दोन पर्याय एकच आहेत काय, सूचीतील अक्षर व स्पष्टीकरणातील उत्तर जुळते काय, उत्तरातील आकडा उताऱ्यात कोठे तरी आढळतो काय, या गोष्टी यंत्र झटकन सांगते. मात्र चाळणीतून सुटलेला प्रश्न अचूकच असतो असे नाही. एका प्रारूपाचे प्रश्न दुसऱ्या प्रारूपाकडून तपासून घेण्याचीही पद्धत आहे. त्यातून संशयास्पद प्रश्न वेगळे काढण्यास मदत होते. परंतु दोन्ही प्रारूपे एकाच प्रकारच्या मजकुरावर घडलेली असल्यास दोघेही एकच चूक एकमुखाने करू शकतात.

मराठी उताऱ्यांत दोन ठिकाणी विशेष जपावे लागते. पहिले ठिकाण संख्यावाचक शब्दांचे. ‘पावणेदोनशे’ म्हणजे १७५, ‘अडीच हजार’ म्हणजे २,५००; येथे यंत्राची गणती चुकू शकते. दुसरे ठिकाण जुन्या छापील पुस्तकांच्या प्रतिमांवरून उतरविलेल्या मजकुराचे. पुसट छपाईत १ चा ९ वाचला जातो आणि सनावळीच बदलते. उत्तर उताऱ्याशी जुळते, पण उतारा मूळ पुस्तकाशी जुळत नाही. म्हणून सनावळी असलेल्या काही प्रश्नांसाठी मूळ पानच पाहणे आवश्यक असते.

साधनाशी विसंगती आणि सत्याशी विसंगती

या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे अगत्याचे आहे. समजा, २००५ सालच्या एका पुस्तिकेत महाराष्ट्रात ३५ जिल्हे असल्याचे लिहिले आहे. त्यावरून ‘महाराष्ट्रात किती जिल्हे आहेत?’ असा प्रश्न निघाला व उत्तर ३५ आले. उत्तर साधनाशी पूर्णतः सुसंगत आहे. तथापि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि ही संख्या ३६ झाली. येथे उत्साही तपासनीस सूचीत ३६ लिहून मोकळा होतो. पण मग सूची व उतारा यांच्यातच विरोध निर्माण होतो, आणि उतारा नीट वाचून ३५ लिहिणारा विद्यार्थी गुण गमावतो. योग्य उपाय प्रश्नात काळ घालण्याचा आहे: ‘२००५ साली महाराष्ट्रात किती जिल्हे होते?’ असे विचारले की साधन व सत्य या दोहोंचा मेळ बसतो. म्हणून नोंदवहीत ‘चूक’ असा एकच रकाना न ठेवता सूचीची चूक, साधनाची चूक किंवा कालबाह्यता, आणि प्रश्नाची संदिग्धता असे तीन रकाने ठेवावेत. तिन्हींवरील उपाय वेगवेगळे आहेत.

किती प्रश्न तपासावेत?

दहा हजार प्रश्न दोघांकडून तपासून घेणे दर वेळी शक्य नसते. अशा वेळी चिठ्ठ्या टाकून काढल्याप्रमाणे, कोणतीही निवड न करता, दोनशे प्रश्न घ्यावेत. त्यांत बारा सदोष निघाले तर नमुन्यातील प्रमाण सहा टक्के होते. परंतु नमुना लहान असल्याने संपूर्ण संचातील प्रमाण साधारणतः साडेतीन ते दहा टक्क्यांच्या दरम्यान असल्याचे संख्याशास्त्र सांगते. म्हणजे साडेतीनशेपासून हजारापर्यंत प्रश्न सदोष असू शकतात. तीनशे प्रश्नांत एकही दोष आढळला नाही, तरी संच निर्दोष ठरत नाही. दोषांचे प्रमाण एक टक्क्याच्या आत असावे, एवढेच म्हणता येते. पहिलीच दोनशे पाने तपासणे ही नमुना-तपासणी नव्हे, कारण तेथे बहुधा एकाच विषयाचे उतारे असतात.

नमुना-तपासणीने दोषांचे प्रमाण कळते, सदोष प्रश्न हाती लागत नाहीत. सरावाच्या संचात थोडे दोष चालवून घेता येतात. ज्या प्रश्नावर कोणाची निवड अवलंबून आहे तेथे प्रत्येक प्रश्न स्वतंत्रपणे सोडवून पाहण्यास पर्याय नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोग परीक्षेनंतर प्राथमिक उत्तरतालिका प्रसिद्ध करून उमेदवारांकडून हरकती मागवितो, त्यामागील तत्त्व हेच आहे. हरकत घेणाऱ्यास उत्तरासोबत आधारही द्यावा लागतो. यंत्रनिर्मित संचाच्या तपासनिसाकडूनही हीच अपेक्षा ठेवावी आणि प्रत्येक दुरुस्तीसमोर उताऱ्याचे पान, ओळ व दुरुस्तीची तारीख नोंदविलेली असावी.